आधी माले सांगं नही

सितारा पिंजारी आमच्या संस्थेत रुजू झाली त्या दिवसापासून माझं पोट दुखायला लागलं, आणि मी ते लपवलंही नाही. लपवायचं कशाला? लीलाधर सरांच्या हाताखाली मी इतकी वर्षं घासली. उन्हातान्हात गावोगाव फिरले, टेपरेकॉर्डर पदराखाली धरून एसटीत उभ्यानं गेले. आणि ही काल आलेली पोर, जेमतेम सव्वीस वर्षांची, पुण्याहून आठवडाभराचं शिबिर करून येते काय, आणि सर हिला "सितारा, जरा बस इथं" म्हणतात काय! मला बसायला सांगायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

मी कुंदा चौधरी. माहेर फैजपूरकडचं, सासर जळगावचंच, घर पिंप्राळ्यात. संस्थेत मी संशोधन सहायक. तेव्हा, म्हणजे नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात, आमच्याकडे धर्मांतराचा अभ्यास चालू होता. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या काही गावांत बरीच कुटुंबं ख्रिस्ती झाली होती. तिथं त्यांना 'विश्वासी' म्हणतात. धर्म बदललेले लोक आणि त्यांच्या घरातले न बदललेले लोक, दोघांच्याही मुलाखती आम्ही घेतल्या. निम्म्या मी, निम्म्या सितारानं. पैसे मिळाले म्हणून गेले, का फसवलं, का आजार बरा झाला, असली उत्तरं बाहेर बसून द्यायला सगळेच तयार होते. ज्यांनी धर्म बदलला त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना काय वाटतं ते ऐकायचं, एवढंच आमचं काम होतं.

प्रकल्प मार्चमध्ये संपणार होता. त्यानंतर संस्थेत एकच जागा राहणार होती, एकच. जानेवारीत धुळ्याला सल्लागार समितीपुढं निष्कर्ष मांडायचे, आणि समितीचं मत बघून सर ती जागा भरणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. माझ्या नवऱ्याची मिल बंद पडून वर्ष होत आलं होतं. जागा मला हवी होती, आणि ती त्या पोरीला मिळू नये हेही मला हवं होतं. खरं सांगायचं तर दुसरं जरा जास्तच.

आता तिचं काय एवढं डोळ्यांत खुपायचं ते सांगते. एक म्हणजे ती धुळ्याची. घरात अहिराणी. साक्रीकडच्या बाया तिला बघताच "ये माय, बस" म्हणायच्या आणि भडाभडा बोलायला लागायच्या. मी पूर्वेकडची. आमची बोली वेगळी पडते. मी विचारलं की त्या बाया शाळेत मास्तरीणबाई आल्यासारख्या सावरून बसायच्या आणि शुद्ध बोलायचा प्रयत्न करायच्या. दुसरं म्हणजे ते एनव्हिवो, मुलाखतींची छाननी करायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, जे ती पुण्याच्या त्या शिबिरात शिकून आली होती.

एनव्हिवो नवंकोरं होतं, त्याच वर्षी आलेलं. अख्ख्या संस्थेत एकाच कॉम्प्युटरवर ते चालायचं. सरांना धास्ती होती की एक जानेवारीला दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, म्हणून तोवर जमेल तेवढं उरकायची घाई. देवनागरीची मात्र त्यात बोंब. आमचा फॉन्ट टाकला की पडद्यावर नुसते आडवेतिडवे किडे. म्हणून मुलाखती अहिराणीच ठेवायच्या, पण इंग्रजी अक्षरांत टाईप करायच्या, असं ठरलं. ते ठरवलंही सितारानंच.

काम असं चालायचं. टाईप केलेली मुलाखत आत घ्यायची. मग ओळ न् ओळ वाचायची आणि बोलणं कशाबद्दल आहे त्याप्रमाणे तेवढ्या तुकड्याला नाव द्यायचं. त्या नावाच्या खणाला नोड म्हणतात. 'दारू सुटली' हा एक नोड, 'आजारपण आणि प्रार्थना' हा एक, 'गावाचा विरोध' एक, 'कुटुंबाचा विरोध' एक. तुकडा माऊसनं निवडायचा आणि नोडवर नेऊन सोडायचा. मग तो नोड उघडला की वेगवेगळ्या माणसांनी त्याबद्दल काय काय म्हटलंय ते एकाखाली एक दिसतं. मुलाखतीच्या बाजूला रंगीत पट्टे येतात, कुठली ओळ कुठल्या नोडात गेली ते सांगणारे. आधी मी हे सगळं कात्रीनं करायची. झेरॉक्स काढायची, कापायची, पाकिटांत टाकायची. माझी पाकिटं कपाटावर धूळ खात पडली, आणि मोतीलाल शिपाई एक दिवस मला विचारतो, "बाई, हे रद्दीत घालू का?" घाल म्हटलं. काय बोलणार?

सकाळी मशीनवर मी बसायची, दुपारी ती. आमचा एक नियम होता. नवा नोड काढला, किंवा दोन नोड एकात मिसळले, की दुसरीला सांगायचं, आणि दोघींचं पटलं तरच तो ठेवायचा. नाहीतर एकाच गोष्टीला ती एक म्हणणार, मी दुसरं म्हणणार, आणि सगळी खिचडी. सितारा हा नियम काटेकोर पाळायची. "कुंदाताई, मी 'लग्नकार्य' वेगळं काढलंय, बघता का?" असं रोज विचारायची. मी "बघते" म्हणायची आणि मुद्दाम उशिरा बघायची.

ती वाईट असती तर बरं झालं असतं. डब्यात कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत आणायची, त्यातलं अर्धं माझ्या झाकणात काढायची. मी खायची, आणि वर "मीठ कमी आहे" म्हणायची. मीठ बरोबर असायचं.

डिसेंबर उलटता उलटता तिच्या कामाला आकार आला. 'विरोध' हा तिचा मोठा विषय. गावाचा विरोध, जातपंचायतीचा विरोध, कुटुंबाचा विरोध, अशी छान फांद्या-फांद्यांची मांडणी. सर खूश. मला तर म्हणालेसुद्धा, "कुंदाबाई, बघा, पोरीनं कसं नीट लावलंय." मी बघितलं. नीटच लावलं होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण सरांचं एक वाक्य मी लक्षात ठेवलं होतं. मागं माझ्या एका अहवालावर त्यांनी लाल पेननं लिहिलं होतं, 'हे नुसते विषय आहेत. लोक या विषयाबद्दल नेमकं काय म्हणतात, ते एका वाक्यात सांगता आलं तर ती थीम.' तेव्हा मी दोन दिवस फुगून बसले होते. आता मनात म्हटलं, मग 'कुटुंबाचा विरोध' तरी काय आहे? विषयच ना? विरोध आहे हे कळलं. पण कशाला आहे? मला टाकून बोलता, आणि तिला शाबासकी? थांबा म्हटलं.

त्यातच तो मंगळवार आला.

मोतीलाल चहा घेऊन आला आणि कप ठेवता ठेवता म्हणाला, "मग काय बाई, धुळ्याला सितारा मॅडम बोलणार म्हणे. सरांनी कालच सांगितलं त्यांना."

"काय सांगितलं?"

"समितीपुढं त्याच मांडणार ना सगळं. तुम्हाला माहीत नाही?"

नाही. मला माहीत नव्हतं. शिपायाला माहीत, टायपिस्टला माहीत, त्या बयेला तर कालपासून माहीत. काल दुपारी माझ्या झाकणात भरीत काढताना माहीत होतं! आणि मला चहावाल्याकडून कळावं? डोकं असं सणकलं की कप तसाच ठेवला आणि मशीनपुढं जाऊन बसले. तिनं बोलावं याचं दुःख होतंच. पण सरांनी मला बोलावून "कुंदाबाई, असं असं ठरवलंय" एवढं म्हणायला काय झालं होतं? मी काय परकी होते का?

तिच्या कामातली चूक काढायची, एवढंच डोक्यात. 'कुटुंबाचा विरोध' हा नोड उघडला आणि वाचायला लागले.

पहिलाच तुकडा माझ्या स्वतःच्या मुलाखतीतला होता. शेवंताबाईचा. (नावं आम्ही मुलाखत टाईप करतानाच बदलायचो. इथंही ती बदललेलीच आहेत.) शेवंताबाईची धाकटी बहीण झुंबरबाई विश्वासी झाली. दोघी सख्ख्या बहिणींचं एकमेकींचं तोंड बघणं बंद. मी शेवंताबाईला विचारलं होतं, बहिणीनं देव बदलला याचा राग आहे का? ती म्हणाली होती:

"देवनं मी काय नही म्हनत. तिना देव तिले, मन्हा देव माले. पन बठ्ठा गावले माहीत व्हतं, आन आधी माले सांगं नही. मी काय परकी शे का?"

मी ती ओळ, अख्ख्या गावाला माहीत आणि हिला मात्र आधी सांगितलं नाही ती, परत वाचली. मग पुन्हा. टाईप करताना वाचली होती, नोडात टाकताना वाचली होती, 'विरोध' म्हणून पट्टा लावून मोकळीही झाले होते. आत्ता, मोतीलालचा चहा निवत असताना, ती मला पहिल्यांदा कळली.

मग मी त्या नोडातला प्रत्येक तुकडा वाचला. एक सासरा म्हणत होता, पोरगा पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेऊन आला ते मला दुकानदारानं सांगितलं. एक नवरा म्हणत होता, बायको वर्षभर चोरून प्रार्थनेला जायची, शेजारणीला ठाऊक, मला नाही. एक आई म्हणत होती, मी काय त्याचा जीव घेतला असता? आधी माझ्यापाशी बसून बोलला असता तर! देवाबद्दल, पूजेबद्दल, बाटण्याबद्दल फार थोडे बोलत होते. सगळ्यांचं दुखणं एकच होतं. मला सोडून दुसऱ्याला सांगितलं.

हा कसला विरोध? हे जळणं होतं. आणि ते ओळखायला माझ्याइतकं लायक माणूस अख्ख्या खानदेशात नव्हतं.

एनव्हिवोत एक सोय आहे. बोलणाऱ्याचेच शब्द निवडायचे आणि एक बटण दाबायचं, की त्याच शब्दांच्या नावाचा नोड तयार होतो. माणसाची भाषा आपल्या पंडिती नावात हरवू नये म्हणून ती सोय. मी शेवंताबाईचे शब्द निवडले आणि बटण दाबलं. नोडांच्या यादीत नवीन नाव आलं, 'aadhi male sanga nahi'. मग एकेक तुकडा त्यात घालत गेले. पुढच्या काही दिवसांत रोज सकाळी माझ्या मुलाखती पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या, मागचा-पुढचा संदर्भ बघितला, न बसणारे तुकडे बाहेर ठेवले. सितारानं घेतलेल्या मुलाखतींचं मात्र तिनं 'कुटुंबाचा विरोध'मध्ये जे टाकलं होतं तेवढंच मी वाचलं. पूर्ण मुलाखती उघडल्या नाहीत. तिच्या कागदांत तोंड खुपसायची मला तेव्हा चीड येत होती.

त्या मंगळवारी दुपारी ती आली. रुमाल सोडत मला म्हणाली, "ताई, आज काही नवीन?"

नियम होता. सांगायला हवं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. तो नोड मी आधीच फ्लॉपीवरच्या माझ्या वेगळ्या प्रतीत नेऊन ठेवला होता, आणि मशीनवर जुनीच प्रत उघडी होती. तिनं भाकरीचा डबा पुढं केला. "आज भूक नाही," म्हटलं.

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "ताई, सरांनी मला धुळ्याचं सांगितलं. तुम्हाला ते स्वतः सांगणार होते, म्हणून मी काल बोलले नाही. मला फार अवघड झालं होतं." तिचा चेहराही खरंच अवघडलेला होता. पण मी कसली ऐकते! म्हटलं, "अगं, मला काय त्याचं? तू बोल की." आणि मग, अगदी सहज सुचल्यासारखं, "कुटुंबाचा भाग तेवढा मी मांडू का? दहा मिनिटं. शेवंताबाईची मुलाखत माझी आहे ना."

ती इतकी खुलली की मला तिचा आणखीच राग आला. "मांडा ना ताई! मी सरांना सांगते. माझ्या पारदर्शिका देऊ? कोऱ्या उरल्यात." आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरवर लावायच्या त्या प्लॅस्टिकच्या पानांचं अर्धं पाकीट तिनं माझ्या हातात दिलं. तिच्याच पानांवर मी तिला मात देणारा मजकूर लिहिला, तिच्याच निळ्या पेननं.

लिहिलं मात्र मन लावून. वर एकच वाक्य: 'घरच्यांना लागलेली गोष्ट धर्म बदलल्याची कमी आणि आपल्याला आधी न सांगितल्याची जास्त आहे.' खाली, या थीममध्ये काय येतं आणि काय येत नाही. मग तीन माणसांचे तीन तुकडे, त्यांच्याच शब्दांत, प्रत्येकापुढं बदललेलं नाव, नातं आणि गाव कुठल्या भागातलं ते. किती जण असं म्हणाले हे लिहिलं, पण आकड्यावर भर दिला नाही. एकानं म्हटलं काय आणि दहांनी म्हटलं काय, त्यातून काय कळतं ते महत्त्वाचं, हे सरांनीच शिकवलेलं. पानं बघून मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण त्या पोरीला माहीत आहे का?" मी म्हटलं, "तू गप जेव."

एक जानेवारीला कॉम्प्युटर काही बंद पडला नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं धुळ्याला गेलो. पारोळ्याला एसटी थांबली तेव्हा सितारानं तिघांसाठी शेंगदाणे घेतले, आणि सोलून दाणे माझ्या ओंजळीत टाकत बसली. मी खिडकीबाहेर बघत ते खाल्ले.

समितीत पाचसहा माणसं होती. मुख्य होत्या सुनंदाबाई पवार, निवृत्त प्राध्यापिका, धुळ्यातच राहणाऱ्या. पांढरी साडी, जाड चष्मा, आणि बोलणारा गडबडला की पेन टेबलावर वाजवायची सवय. सितारा आधी बोलली. दारू, आजारपण, प्रार्थना, गावाचा विरोध. छानच बोलली. पेन एकदाही वाजलं नाही. मग ती म्हणाली, "कुटुंबाचा विरोध कुंदाताई मांडतील," आणि हसून मला जागा दिली.

मी पहिलं पान लावलं. भिंतीवर माझं वाक्य मोठ्या अक्षरांत उमटलं. मी समितीकडं बघितलंच नाही. सिताराकडं बघितलं. आधी तिला वाटलं पान चुकलं. मग तिनं वाक्य वाचलं, आणि तिची मान हळूच माझ्याकडं वळली. किती दिवसांपासून मला तो चेहरा बघायचा होता. मी म्हटलं, "आम्ही याला आधी विरोध म्हणत होतो. पण विरोध हा नुसता विषय आहे. तुकडे एकत्र वाचले की दिसतं, हे लोक धर्माशी भांडतच नाहीयेत." आणि शेवंताबाईचे शब्द वाचले. कुणीतरी "अरेच्चा" म्हणालं. सर पुढं सरकून बसले. माझा आवाज मलाच आवडायला लागला.

माझं संपल्यावर सुनंदाबाईंनी चष्मा काढला. "उत्तम. फार दिवसांनी कुणीतरी ऐकून सांगितलेलं ऐकलं. पण मला सांगा, याच्या उलट जाणारी मुलाखत आहे का? म्हणजे ज्याला आधी सांगितलं होतं, त्याचं काय?"

नोडात तसलं काही नव्हतं. सिताराच्या मुलाखतींतलं नोडात जे होतं तेवढंच मला माहीत होतं. तुकडे वाचले होते मी, माणसं नाही.

"तसं... बहुधा नाही," मी म्हटलं.

"बहुधा?" पेन वाजलं. एकदा, दोनदा. "तुम्ही सगळ्या मुलाखती बघितल्यात ना? नाहीतर तुम्हाला जे हवं तेच वेचलंत असं कुणीही म्हणेल."

सर माझ्याकडं बघत होते. भिंतीवर माझं सुंदर वाक्य तसंच झळकत होतं, आणि मला ते पान ओढून काढावंसं वाटत होतं. संपलं, जागा गेली, हेच मनात आलं.

"आहे एक मुलाखत," सितारा म्हणाली.

ती उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ही मला इथंच पुरणार. पुरायला तिला पूर्ण हक्क होता.

"झुलाल आबा," ती म्हणाली. "त्यांच्या धाकट्या भावानं, अभिमननं, विश्वासी व्हायच्या आधी रात्रभर त्यांच्यापाशी बसून सांगितलं होतं. आबा नाहीच म्हणाले. आजही नाहीच म्हणतात. देवघरात येऊ देत नाहीत. आबांच्या बोलण्यात सगळा देवच आहे, कुळाचार, पूजा, खंडेराव. म्हणून मी ती मुलाखत 'श्रद्धा'मध्ये घातली होती, 'कुटुंबाचा विरोध'मध्ये नाही. ताईंना ती नोडात दिसली नसणार. पण शेवटी आबा म्हणतात, 'तो आजबी मन्हा घर जेवाले येस.' ज्यांना आधी सांगितलं, ते धर्मावर भांडतात आणि एका ताटात जेवतात. ज्यांना सांगितलं नाही, ते धर्माबद्दल काही बोलत नाहीत आणि तोंड बघत नाहीत. एकाच मुलाखतीवरून फार मोठं म्हणता येणार नाही, पण ताईंची थीम यानं मोडत नाही. उलट ती कुठपर्यंत लागू आहे ते कळतं."

सुनंदाबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे अहवालात असंच लिहा. उलट मुलाखतीसकट." मग माझ्याकडं बघून, "चौधरीबाई, थीम तुमची?"

मी सिताराकडं बघितलं. ती टेबलावरची पानं गोळा करत होती.

"हो, त्यांचीच," तीच म्हणाली.

चहाच्या वेळी सर माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "कुंदाबाई, मार्चनंतरची काळजी करू नका." एवढंच. पण मला कळलं. मी मान हलवली. सितारा खिडकीपाशी एकटीच उभी होती. सरांनी मला काय सांगितलं ते तिला अजून माहीत नव्हतं, आणि ते तिला मी सांगणार का सर, की तिलाही ते मोतीलालच सांगणार, हा विचार माझ्या मनात आला आणि मी कप तसाच खाली ठेवला.

परतीच्या एसटीत सर पुढं बसले. मी मागं दोघींची सीट धरली, पिशवी ठेवून. सितारा आली, पिशवीकडं बघितलं, आणि पलीकडच्या रांगेत एका म्हाताऱ्या बाईशेजारी जाऊन बसली. पारोळा गेलं. शेंगदाणेवाला चढला, उतरला. तिनं घेतले नाहीत.

एरंडोलला ती म्हातारी उतरली. मग मी उठले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. शेवटी म्हटलं, "झुलाल आबांचं तू बोललीस म्हणून वाचले मी. नाहीतर त्या बाईनं सोलूनच काढलं असतं."

तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"अगं, बोल तरी. शिव्या दे हवं तर."

"शिव्या कशाला ताई?" ती म्हणाली. तिचा आवाज रडका नव्हता, रागाचाही नव्हता. "थीम खरीच आहे. मला असं सुचलं नसतं. मी स्वतः तुमच्यासाठी झुलाल आबांची पूर्ण मुलाखत काढून ठेवली असती, दोघींनी मिळून वाचली असती." बाहेर केळीचे ट्रक ओळीनं चालले होते, त्यांच्या दिव्यांचा उजेड तिच्या तोंडावर येत-जात होता. मग ती मराठी सोडून एकदम घरच्या बोलीत म्हणाली, "बठ्ठासमोर सांगं तुम्ही. माले आधी सांगं नही."

आणि तिनं मान खिडकीकडं वळवली.

मला सरांचं सांगायचं होतं, जागेचं. ओठांपर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात पुढच्या सीटवरून सर मागं वळले आणि हसून म्हणाले, "काय मग सितारा, कुंदाबाईंनी सांगितली का तुला त्यांची बातमी?"